गुण ०.९३, आणि ग्रिपरचे बोट भलत्याच वस्तूवर: डेप्थ इमेजवरून अनोळखी वस्तूंची पकड

खटपट्या

नमस्कार मंडळी. चाकणजवळच्या एका लहान कारखान्यात, गिऱ्हाइकांकडून परत आलेल्या सुट्या भागांची वर्गवारी करण्यासाठी आम्ही एक रोबो बसवला आहे. भाग ६०० × ४०० मिमीच्या प्लॅस्टिक क्रेटमध्ये अस्ताव्यस्त पडलेले येतात. त्यांत पुठ्ठ्याची छोटी खोकी, ब्लिस्टर पॅक, रबरी नळ्या, तारांची वेटोळी, कधी नुसतेच धातूचे ब्रॅकेट असतात. उद्या काय येईल ते आम्हालाही ठाऊक नसते, त्यामुळे वस्तू ओळखण्याच्या फंदात न पडता, दिसेल ती वस्तू कुठे धरता येईल एवढेच शोधायचे असे ठरवले आहे.

क्रेटच्या तळापासून ७०० मिमी उंचीवर सरळ खाली बघणारा स्टिरिओ डेप्थ कॅमेरा आहे. ग्रिपर दोन समांतर बोटांचा असून तो ८५ मिमीपर्यंत उघडतो. प्रत्येक पिक्सेलचे कॅमेऱ्यापासूनचे अंतर सांगणारी त्याची डेप्थ इमेज एका आयत्या न्यूरल नेटवर्कला देतो आणि ते प्रत्येक पिक्सेलसाठी पकडीचा गुण, कोन आणि रुंदी सांगते. आमच्या चारशे इमेज वापरून ते थोडे पुढे शिकवलेही आहे. इमेजमधली छिद्रे, म्हणजे अंतर न मिळालेले पिक्सेल, आधी शेजारच्या मूल्यांनी बुजवतो, म्हणजे नेटवर्क गोंधळत नाही.

गेल्या आठवड्यात मोजून २०० प्रयत्न केले, त्यांपैकी १३८ यशस्वी झाले. फसलेल्या ६२ पैकी ४१ वेळा नेटवर्कने ०.९ पेक्षा जास्त गुण दिलेला होता, ही गोष्ट मला छळते आहे. कमी गुण देऊन फसला असता तर समजू शकलो असतो. आणखी इमेज गोळा करून शिकवणे वाढवावे, की दोष दुसरीकडेच कुठे आहे?

लेथवाला

चाळीस वर्षे टूलरूममध्ये काढलेल्या माणसाचे मत विचारात घ्यावे. प्रत्येक भागाचे ड्रॉइंग मागवा, त्याचे त्रिमितीय मॉडेल करा आणि कॅमेऱ्याला ते मॉडेल ढिगात शोधायला लावा. मॉडेल जुळले की कुठे धरायचे हे तुम्ही आधीच ठरवून ठेवलेले असते. आम्ही तर बोल्टांसाठी थरथरणारा बोल फीडर वापरत होतो, त्याला कॅमेराच लागत नसे.

खटपट्या

लेथवालाकाका, भाग ठरलेले असते तर तुमचाच मार्ग धरला असता. पण आमच्याकडे शेकडो प्रकार येतात, निम्म्यांची ड्रॉइंग बनवणाऱ्यांकडेही उरलेली नाहीत आणि बरेचसे भाग वाकलेले किंवा अर्धवट वेष्टनात असतात. म्हणूनच ‘अनोळखी’ हा शब्द मथळ्यात मुद्दाम घातला आहे.

अवकाशवेडी

मी या विषयावर पीएचडी करते आहे, त्यामुळे थोडे अधिकाराने लिहिते. तुमचे नेटवर्क बहुधा कॉर्नेल विद्यापीठाच्या पकडींच्या इमेज-संचावर शिकलेले असावे. त्यात २४० वस्तूंच्या ८८५ इमेज आहेत आणि प्रत्येक इमेजमध्ये एकच वस्तू मोकळ्या जागेवर ठेवलेली आहे. अशा नेटवर्कने ढीग कधी पाहिलेलाच नसतो. बर्कले विद्यापीठाच्या डेक्स-नेट २.० या पकडीवरच्या प्रकल्पात २०१७ साली ६७ लाख कृत्रिम पॉइंट क्लाउड वापरले होते, तेव्हा तुमच्या चारशे इमेज म्हणजे दर्यामे खसखस. सिम्युलेटरमध्ये वस्तूंचे ढीग पाडा, त्यांच्या डेप्थ इमेज काढा आणि त्यांवर शिकवा. गुण ०.९३ म्हणजे यशाची शक्यता ९३ टक्के, आणि ती प्रत्यक्षात ६९ टक्के निघते आहे, याचा अर्थ शिकलेली परिस्थिती आणि खरी परिस्थिती वेगळी आहे.

मोजपट्टी

अवकाशवेडी, ढिगाबद्दलचे तुमचे म्हणणे योग्य आहे, पण शेवटच्या वाक्याशी मी सहमत नाही. प्रत्येक पिक्सेलला गुण, कोन आणि रुंदी देणारे नेटवर्क म्हणजे बहुतेक २०१८ चे जीजी-सीएनएन किंवा त्याचा एखादा वंशज असणार. त्याच्या प्रशिक्षणात माणसांनी वस्तूंवर काढलेले आयत घेतात आणि आयताच्या लांबीतल्या मधल्या तिसऱ्या भागातल्या पिक्सेलांना १ हे उत्तर देतात. म्हणजे ०.९३ चा अर्थ ‘हा पिक्सेल माणसाने काढलेल्या आयताच्या मध्याजवळ असल्यासारखा दिसतो’ इतकाच. ग्रिपरची बोटे किती जाड आहेत आणि ती खाली जाताना कशावर आपटतील, हे त्या आकड्यात कुठेच नाही. डेक्स-नेटची गोष्ट वेगळी होती, कारण तिथले गुण घर्षण आणि स्थानातली अनिश्चितता धरून गणिताने काढलेले होते.

पण हा वाद नंतर घालू. खटपट्या, तुमच्या मजकुरातले ‘छिद्रे शेजारच्या मूल्यांनी बुजवतो’ हे वाक्य मला टोचते आहे. अशी एक फसलेली पकड घ्या जिला ०.९ च्या वर गुण होता आणि जिच्यात ग्रिपर रिकामा परतला नाही, तर वाटेतच कशावर तरी अडकला. दोन्ही बोटांना जोडणाऱ्या रेषेवरची डेप्थची मूल्ये इथे द्या. बुजवण्यापूर्वीची द्या, नंतरची नकोत. सोबत कॅमेऱ्याची बेसलाइन, म्हणजे त्याच्या दोन भिंगांमधले अंतर, आणि पिक्सेलमधली फोकल लेंग्थही सांगा.

तिसरा_डोळा

‘ग्रिपर अडकला’ हे वाचून आमच्या मातोश्रींची आठवण झाली. डब्यातला शेवटचा लाडू काढताना त्यांचाही हात असाच अडकतो आणि दोष मात्र डब्याला मिळतो.

खटपट्या

मोजपट्टी, रात्री लॉग उपसून एक प्रसंग काढला. पुठ्ठ्याचे एक छोटे खोके क्रेटच्या मध्याजवळ आडवे पडले होते. गुण ०.९३, पकडीची रेषा इमेजमध्ये आडवी. डावे बोट कशावर तरी टेकले आणि रोबो बलमर्यादा ओलांडल्याचे सांगून थांबला. बेसलाइन ५० मिमी आणि फोकल लेंग्थ साधारण ४३० पिक्सेल आहे. मूल्ये मिलिमीटरमध्ये, एकाआड एक पिक्सेलची देतो, नाहीतर ओळ फार लांबते. शून्य म्हणजे कॅमेऱ्याला अंतर सांगता आले नाही.

```
700 701 699 0 0 0 0 0 0 663 661 661 660 661 661
660 662 661 661 660 661 668 684 699 700 701 700
```

बोटांची टोके ६८० मिमी अंतरापर्यंत खाली जाणार होती, म्हणजे खोक्याच्या वरच्या पृष्ठभागापासून २० मिमी खाली. बुजवल्यानंतर त्या सहा शून्यांच्या जागी सगळीकडे ६९९ आले होते.

अवकाशवेडी

हे तर सरळच आहे. स्टिरिओ कॅमेऱ्यात डावी इमेज आधार धरलेली असेल तर वस्तूच्या डाव्या बाजूची एक पट्टी उजव्या कॅमेऱ्याला दिसतच नाही, कारण वस्तू आड येते. तिथे जोडी जुळत नाही आणि शून्य येते. ही नुसती सावली आहे, तिच्याखाली क्रेटचा तळच असणार, त्यामुळे ६९९ ने बुजवण्यात काहीच चूक नाही. बोट टेकण्याचे कारण बहुधा रोबो आणि कॅमेऱ्याच्या कॅलिब्रेशनमध्ये सापडेल.

मोजपट्टी

सावली डावीकडे पडते हे अगदी बरोबर, पण ती किती रुंद पडेल तेही मोजू या. सावलीची पिक्सेलमधली रुंदी म्हणजे वस्तूचा वरचा पृष्ठभाग आणि तिच्यामागचा तळ यांच्या डिस्पॅरिटीतला फरक. डिस्पॅरिटी म्हणजे एकच बिंदू डाव्या आणि उजव्या इमेजमध्ये जितके पिक्सेल सरकलेला दिसतो ते. फोकल लेंग्थ गुणिले बेसलाइन म्हणजे ४३० × ५० = २१,५००. याला ६६० ने भागले तर ३२.६ आणि ७०० ने भागले तर ३०.७ मिळतात. फरक जेमतेम दोन पिक्सेलांचा आहे. तळाच्या अंतरावर एक पिक्सेल सुमारे १.६ मिमीचा असतो, म्हणजे या खोक्याची सावली फार तर ३ मिमी रुंद असायला हवी.

तुमच्या ओळीत एकाआड एक मोजलेली सहा शून्ये आहेत, म्हणजे बारा पिक्सेल, म्हणजे सुमारे १९ मिमी. यातले ३ मिमी सावलीच्या खात्यावर टाकले तरी १६ मिमी उरतात. खोक्याच्या डावीकडे असे काहीतरी पडलेले होते ज्याचे अंतर कॅमेऱ्याला काढता आले नाही. त्याच क्षणाची रंगीत इमेज साठवली असेल तर तिथे काय आहे ते बघा.

जाता जाता उजवीकडचे ६६८ आणि ६८४ सुद्धा बघून ठेवा. तिथे उतार मुळीच नाही. खोक्याची कड सरळ उभी आहे, पण जुळणी खिडकी-खिडकीने होते म्हणून कडेवर वरचे आणि खालचे अंतर मिसळले जाते. पृष्ठभागाची दिशा अशा पिक्सेलांवरून काढली तर खोक्याची बाजू तिरकी असल्याचा भास होतो. तसे पाहिले तर बोटे ज्या बाजूंना टेकणार त्या उभ्या बाजू वरून बघणाऱ्या कॅमेऱ्याला कधी दिसतच नाहीत. कडेच्या रेषेवरून आपण त्यांचा अंदाज बांधत असतो.

खटपट्या

सापडले. रंगीत इमेजमध्ये खोक्याला चिकटून एक ब्लिस्टर पॅक उभा कलंडलेला आहे आणि त्याचा पारदर्शक फुगवटा कॅमेऱ्याकडे आहे. छापील पुठ्ठा पलीकडच्या बाजूला असल्यामुळे डेप्थमध्ये त्याचा मागमूसही नाही. डावे बोट बरोबर त्या फुगवट्यावर टेकले होते. म्हणजे जिथे कॅमेरा ‘मला माहीत नाही’ म्हणत होता, तिथे माझ्याच कोडने ‘इथे ४० मिमी खोल मोकळी जागा आहे’ असे लिहून टाकले, आणि नेटवर्कने माझ्यावर विश्वास ठेवला.

मोजपट्टी

नेमके हेच झाले आहे. छिद्रे बुजवण्याला माझा विरोध नाही. नेटवर्कला सलग इमेज लागते आणि ते ज्या प्रकारे बुजवलेल्या इमेजवर शिकले तशीच त्याला द्यावी. पण बुजवण्यापूर्वी कोणते पिक्सेल खरे होते याचा मुखवटा वेगळा जपून ठेवा, आणि नेटवर्कने पकड सुचवल्यावर बोटे जिथे उतरणार ती जागा मूळ इमेजमध्ये तपासा.

तुमच्या खोक्याचेच उदाहरण घेऊ. ते ओळीत चोवीस पिक्सेल आहे, म्हणजे ३७ मिमी. ग्रिपर ५३ मिमी उघडून खाली गेला तर दोन्ही बाजूंना ८ मिमी मोकळे राहतात. बोट १२ मिमी जाड आणि २० मिमी रुंद आहे असे धरले तर प्रत्येक बोट खोक्याच्या कडेपासून ८ ते २० मिमी या पट्ट्यात उतरते. ६८० च्या अंतरावर ती जागा सुमारे शंभर पिक्सेलांची होते. त्या शंभरांत टोकापेक्षा वर काही असेल तर पकड बाद, आणि माहितीच नसेल तरीही बाद.

```python
r = finger_rect            # एका बोटाची जागा
unknown = raw[r] == 0
hit = ~unknown & (raw[r] < z_tip + 5)
if (unknown | hit).mean() > 0.05:
    continue               # पुढची पकड बघा
```

पाच मिलिमीटरचे अंतर उगाच सोडलेले नाही. ७०० मिमीवर तुमच्या कॅमेऱ्यात डिस्पॅरिटीच्या एका पिक्सेलची चूक म्हणजे जवळपास २३ मिमीची चूक. जुळणी पिक्सेलच्या बाराव्या-तेराव्या हिश्शापर्यंत अचूक धरली तरी पावणेदोन मिमी इकडेतिकडे होणारच, शिवाय कॅलिब्रेशनची चूक वेगळी. ही तपासणी दोन्ही बोटांसाठी स्वतंत्र करा. एकत्र सरासरी काढली तर एका बाजूची मोकळीक दुसऱ्या बाजूचा अडथळा झाकते.

शिकाऊ_उमेदवार

मध्येच विचारतो, क्षमस्व. कॉलेजच्या प्रकल्पासाठी मी असेच नेटवर्क लिहितो आहे. गुण आणि रुंदी व्यवस्थित येतात, कोन मात्र काही ठिकाणी पूर्ण आडवा होतो. उभ्या पडलेल्या पेनला ते आडवे असल्यासारखे लांबीच्या दिशेने धरायला जाते. माहितीत चूक नाही हे तपासून झाले.

मोजपट्टी

थेट कोन शिकवत असाल तर असेच होणार. दोन बोटांचा ग्रिपर १८० अंश फिरवला तरी पकड तीच राहते, त्यामुळे +८९ आणि −८९ या प्रत्यक्षात जवळजवळ एकाच दिशा आहेत. नेटवर्कला दोन्ही उदाहरणे दिसली की ते त्यांची सरासरी काढते आणि शून्य सांगते, म्हणजे नेमकी काटकोनातली दिशा. त्याऐवजी दुप्पट कोनाचे कोसाइन आणि साइन अशी दोन मूल्ये शिकवा, आणि शेवटी त्यांवरून कोन काढून तो निम्मा करा.

शिकाऊ_उमेदवार

केले, आणि पेन आता रुंदीच्या दिशेने नीट धरले जाते. तीन आठवडे मी शिकवण्याचा वेग बदलत बसलो होतो.

गोंयकार

मी वेर्ण्याला औषधांच्या पॅकिंगमध्ये काम करतो. तिथे आम्ही बोटांचा नाद सोडून सक्शन कप लावला आणि आमचे बरेच प्रश्न सुटले. कपाला शेजारी मोकळी जागा लागत नाही, वरचा सपाट तुकडा मिळाला की पुरे. ३० मिमीच्या कपाएवढी चकती डेप्थ इमेजवर फिरवायची, तिच्यातल्या बिंदूंना एक पातळी बसवायची आणि बिंदू त्या पातळीपासून किती सुटतात ते बघायचे. कमीत कमी सुटणारी, फार न कललेली आणि वस्तूच्या मध्याजवळची जागा निवडायची. ६० किलोपास्कल निर्वात मिळाला तर त्या कपाचे बल कागदावर ४२ न्यूटन येते, प्रत्यक्षात त्याच्या निम्म्यावरच भरवसा ठेवावा. २०१५ साली सिएटलला झालेली अ‍ॅमेझॉनची पिकिंग स्पर्धा बर्लिनच्या संघाने जिंकली, तीसुद्धा व्हॅक्यूम क्लीनरच्या जोरावर.

मोजपट्टींच्या नियमाला मात्र माझ्याकडे एक अपवाद आहे. ब्लिस्टरचा पारदर्शक फुगवटा डेप्थमध्ये शून्य येतो, पण कपाला त्याच्यासारखी दुसरी गुळगुळीत जागा नाही. शून्य असलेली प्रत्येक जागा बाद केली असती तर आम्ही आमच्या निम्म्या वस्तूंना हातच लावू शकलो नसतो. आमचा खरा शत्रू पातळ पॉलिथिनची सैल पिशवी. डेप्थमध्ये ती सपाट दिसते, कप टेकला की सुरकुतते आणि हवा आत शिरते. निर्वाताचा स्विच लागला नाही की समजायचे, पकड गेली.

मोजपट्टी

हरकत मान्य. माझा नियम बोटांच्या उतरण्याच्या जागेपुरता होता. बोटाला तिथे काहीही नको असते, कपाला तिथे काहीतरी हवेच असते. त्यामुळे ‘माहीत नाही’ याचा अर्थ दोघांसाठी वेगळा लागतो. पण फुगवटा दिसतच नसताना कप किती खाली न्यायचा, हे तुम्ही कसे ठरवता?

गोंयकार

आमच्याकडे बॉक्समध्ये वस्तू एका थरात येतात, त्यामुळे उंची ठाऊक असते. ढीग असता तर मीही अडलो असतो, हे कबूल.

हापूसवाला

आमच्या देवगडच्या बागेत पेटीतून आंबे काढायला हे चालेल काय?

तिसरा_डोळा

आंब्याची पकड डेप्थ इमेजशिवायही उत्तम शोधता येते. पेटी माझ्या घरी पाठवावी, खात्री करून कळवतो.

अवकाशवेडी

हापूसवाला, आंबा डेप्थमध्ये छान दिसतो, गोल असल्यामुळे समोरासमोरच्या दोन बाजूही सहज मिळतात. अडचण बळाची आहे. किती दाबले तर साल दुखावेल हे डेप्थ इमेज सांगू शकत नाही, त्यासाठी मऊ बोटे किंवा मऊ कप लागेल.

आता मूळ मुद्दा. माझा सावलीचा निष्कर्ष या खोक्यापुरता चुकला, हे मान्य करते. पण उंच वस्तूंसाठी तो खरा ठरेल. वस्तू तळापासून १५० मिमी उंच असेल तर वरचे अंतर ५५० होते आणि मोजपट्टींच्याच पद्धतीने सावली आठ पिक्सेलांच्या वर जाते, म्हणजे जवळपास १४ मिमी. तिथे खरोखरच मोकळी जागा असूनही तुमचा नियम प्रत्येक उंच वस्तूची डावी बाजू बाद करत राहील.

मोजपट्टी

हा मुद्दा माझ्या नजरेतून निसटला होता. यावर फुकटचा उपाय एकच सुचतो. सावली बेसलाइनच्या दिशेनेच पडते, तेव्हा उंच वस्तूंसाठी बोटे बेसलाइनला काटकोनात, म्हणजे इमेजमध्ये वस्तूच्या वर-खाली उतरतील अशा पकडींना झुकते माप द्यावे. वस्तू त्या दिशेने ८५ मिमीपेक्षा रुंद असेल तर इलाज नाही.

खटपट्या

दहा दिवसांनी हिशेब देतो आहे. नेटवर्कला हात लावलेला नाही, एकही नवीन इमेज शिकवलेली नाही, फक्त बोटांची तपासणी घातली. नव्याने केलेल्या २०० प्रयत्नांत १७३ यशस्वी झाले. बोट आपटण्याचे प्रसंग आधी ३६ होते, आता ५ उरले. त्यांतले तीन क्रेटच्या भिंतीवरचे, कारण भिंतीची वरची कड चकचकीत आहे आणि डेप्थमध्ये तुटक येते. भिंत कुठे आहे हे मला मोजून माहीत असताना ती कॅमेऱ्याला विचारण्यात अर्थ नव्हता, म्हणून आता भिंतींचे चौकट-मॉडेल थेट इमेजमध्ये भरतो.

आता तक्रारी. पहिली म्हणजे दोन वस्तू एकदम उचलल्या जातात. दोन सारखी खोकी बाजूबाजूला लागून पडली की डेप्थमध्ये मधली फट दिसत नाही. नेटवर्कला ते एकच खोके वाटते, ते दोन्ही मिळून धरते आणि उचलताना एक वाटेत गळते. बोटांच्या तपासणीचा इथे काही उपयोग नाही, कारण बोटे मोकळ्या जागेतच उतरतात. दुसरी तक्रार अशी की क्रेट रिकामा होत आला की शेवटच्या पाच-सहा वस्तू तशाच राहतात. एकही पकड तपासणीतून पार होत नाही, रोबो स्वस्थ उभा राहतो आणि शेवटी माणसाला हाताने क्रेट रिकामा करावा लागतो.

लेथवाला

क्रेटला एक धक्का द्या. थट्टा करत नाही. बोल फीडरमध्येही भाग अडकले की आम्ही टपली मारत असू.

मोजपट्टी

लेथवालांचे म्हणणे हसण्यावारी नेऊ नका. एकही पकड पार होत नसेल तेव्हा बंद बोटांनी वस्तूला ३०-४० मिमी ढकलायचे आणि नवी इमेज घ्यायची, हा चांगला मार्ग आहे. चिकटलेली दोन खोकी सुद्धा ढकलल्यावर थोडी तिरकी होतात आणि फट दिसू लागते. पण ढकलताना त्याच वस्तूवर तीनदा जोर लावूनही काही बदलले नाही, तर थांबायची सोय ठेवा, नाहीतर रोबो संध्याकाळपर्यंत एकच खोके कोपऱ्यात रेटत बसेल. दोन वस्तू आल्या का, हे मात्र मी उचलल्यानंतरच तपासले असते. बोटे मिटून प्रत्यक्ष जितकी रुंदी उरली ती अपेक्षेशी ताडायची आणि सोडण्याच्या ठिकाणी वजनकाटा ठेवायचा.

अवकाशवेडी

रुंदीने काहीच कळणार नाही, कारण नेटवर्कची अपेक्षाच मुळी दोन खोक्यांच्या रुंदीची होती. आणि वस्तू अनोळखी असेल तर वजन कशाशी ताडणार? इथे रंगीत इमेजच घ्यावी लागेल. फट डेप्थमध्ये नसली तरी रंगात पुष्कळदा दिसते. माझे अजूनही मत आहे की ढिगांच्या इमेजवर पुन्हा शिकवावे आणि वैध पिक्सेलांचा मुखवटा वेगळा थर म्हणून नेटवर्कलाच द्यावा, म्हणजे ‘माहीत नाही’ चा अर्थ ते स्वतः शिकेल.

मोजपट्टी

रुंदीबद्दल तुम्ही मला बरोबर पकडलेत. वजनाबद्दलही, कारण एकाच वेळी दोन उचलून एक वाटेत गळली तर काट्याला तेही कळणार नाही. मुखवटा नेटवर्कला देण्याबद्दल मात्र मी साशंक आहे. सिम्युलेटरमधली छिद्रे आणि चाकणच्या ट्यूबलाइटखाली ब्लिस्टरवर पडणारी छिद्रे एकसारखी नसतात. चुकीच्या छिद्रांवर शिकलेले नेटवर्क कुठल्या छिद्रावर विश्वास ठेवते हे मला बाहेरून कळणार नाही. चार ओळींची तपासणी चुकली तर निदान कुठे चुकली ते तरी कळते.

अवकाशवेडी

खटपट्यांनी खऱ्या क्रेटमधल्या कच्च्या डेप्थ इमेज दिल्या तर मी दोन्ही करून बघायला तयार आहे.

खटपट्या

इमेज नक्की देतो, साहेबांची परवानगी तेवढी घेऊ द्या.

शेवटच्या वस्तूंबद्दल काल एक गंमत लक्षात आली. उरलेल्या पाच-सहांमध्ये बहुतेक ब्लिस्टरच असतात आणि ते क्रेटच्या उघड्या तळावर पडलेले असतात. रिकाम्या क्रेटची डेप्थ इमेज माझ्याकडे होतीच. तिच्यात तळ कोपऱ्यांखेरीज सगळीकडे नीट दिसतो. म्हणजे रिकामा असताना जिथे ७०० येत होते आणि आता शून्य येते, तिथे काहीतरी पडलेले आहे. हा पुरावा मी इतके दिवस बुजवून टाकत होतो. असे डाग वेगळे काढून त्यांच्या मध्यावर सक्शन कप उतरवून पाहिला. उंची माहीत नाही, म्हणून ६४० पासून सेकंदाला १० मिमी वेगाने खाली जायचे आणि निर्वाताचा स्विच लागला की थांबायचे. आठपैकी पाच ब्लिस्टर उचलले. उरलेल्या तिघांवर कप फुगवट्याच्या वळणावर टेकला आणि हवा खात राहिला.

गोंयकार

वळणासाठी घड्या असलेला बेलो कप लावून बघा, व्यास २० मिमीपर्यंत कमी करा. बल घटेल, पण ब्लिस्टरला पुरेसे आहे.

खटपट्या

दीड घडीचा मिळाला आहे. सोमवारी बसवतो.